ध्रुवपदाचा सर्वोच्च स्वर

गाण्याची चाल स्वरांच्या चढउतारातून उभी राहते. हे चढउतार कागदावर ठिपक्यांनी मांडले, तर त्यांची एक रेषा दिसते. या रेषेत सर्वांत उंच ठिपका एकच असेल आणि तो ध्रुवपदातील नेमक्या शब्दावर असेल, तर ऐकणाऱ्याला गाण्याचा गाभा कुठे आहे हे न सांगता कळते. तो ठिपका भलत्याच शब्दावर असेल, तर भावना एकीकडे राहते आणि गळा दुसरीकडे ताणला जातो.

उंच स्वराचा परिणाम गळ्याच्या रचनेतून येतो. स्वर वर नेताना स्वरयंत्रातील पडदे अधिक ताणले जातात आणि त्यांची कंपने वाढतात. मध्य सप्तकातल्या सा पासून तार सप्तकातल्या सा पर्यंत गेले की कंपनसंख्या दुप्पट होते. एवढा ताण पेलताना, विशेषतः खुल्या आवाजात, श्वासाचा जोरही वाढवावा लागतो. माणूस आर्ततेने हाक मारतो तेव्हा आवाजाचे हेच होते. त्यामुळे गाण्यातला उंच स्वर ऐकणाऱ्याला केवळ उंच वाटत नाही, त्यामागचे गाणाऱ्याचे बळही जाणवते. मात्र हा परिणाम तुलनेने होतो. आधीच्या ओळी त्याच उंचीवर गेलेल्या असतील, तर तोच स्वर साधा वाटू लागतो.

म्हणून चाल बांधताना पहिला प्रश्न शब्दांचा असतो. समजा, पावसात अडकलेल्या माणसाची घरी वाट पाहिली जात आहे आणि ध्रुवपदाच्या चार ओळी अशा आहेत : ‘थांब जरा रे पावसा / ओली आहे वाट सारी / येऊ दे रे त्याला घरी / मग खुशाल कोसळ’. पहिली ओळ विनवणी करते, दुसरी कारण देते आणि चौथी पावसाला मोकळीक देते. मनातली खरी इच्छा तिसऱ्या ओळीत आहे आणि ती ‘घरी’ या शब्दावर पूर्ण होते. सर्वोच्च स्वराची जागा तिथेच. चार ओळींच्या ध्रुवपदात तिसरी ओळ शिखराला सोयीची असते, कारण तिच्याआधी चढायला दोन ओळी मिळतात आणि नंतर उतरायला एक.

पण ‘घरी’ या शब्दात एक अडचण आहे. तो ‘ई’ वर संपतो आणि ‘ई’ म्हणताना जीभ टाळूजवळ जाऊन तोंडातली जागा अरुंद होते. खुल्या आवाजात उंच स्वर लांबवताना असा स्वर अनेक गळ्यांत पातळ आणि घट्ट निघतो. ‘आ’ म्हणताना जबडा मोकळा होतो. मराठी कवितेत चालणारे ‘घरा’ हे रूप घेतले, तर अर्थ तोच राहतो आणि गळ्याला वाव मिळतो. ओळ होते : ‘येऊ दे रे त्याला घरा’.

आता स्वर. सगळे शुद्ध स्वर घेऊ आणि तार सप्तकातले स्वर सां, रें असे लिहू. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे आहेत, प्रत्येक अक्षराला एक स्वर.

थांब जरा रे पावसा : ग रे ग प म ग रे ग
ओली आहे वाट सारी : ग रे ग प ध प म ग
येऊ दे रे त्याला घरा : ग प ध प ध नि सां रें
मग खुशाल कोसळ : सां नि ध प म ग रे सा

पहिल्या दोन ओळींची सुरुवात सारखीच आहे. पहिली ओळ प पर्यंत जाऊन परत येते. दुसरी त्याच वाटेने निघून एक पायरी वर, ध पर्यंत पोचते आणि पुन्हा ग वर उतरते. कानाला आता या परतीची सवय झाली आहे. तिसरी ओळही ग पासूनच निघते, पण ती उतरत नाही. ध, नि, सां अशी चढत ‘घरा’च्या ‘रा’ वर रें गाठते. नि आणि सां हे दोन स्वर आधीच्या ओळींत मुद्दाम वापरलेले नाहीत. त्यामुळे चढणीचा शेवटचा भाग संपूर्ण नवा ऐकू येतो.

शिखर सां वर न ठेवता रें वर ठेवण्याला कारण आहे. सा हा विसाव्याचा स्वर. गाणे तार सा वर जाऊन थांबले, तर घरी येणे घडून गेल्यासारखे वाटू शकते. इथे तर माणूस अजून वाटेतच आहे. रें अधांतरी राहतो, खाली यायला पाहतो. साथीला प, नि, रे या तीन स्वरांचा मेळ दिला, तर रें त्यात बसतो आणि तरीही ओढ कायम राहते. ती ओढ चौथी ओळ सा पर्यंत सरळ उतरून मिटवते.

उंचीइतकेच महत्त्व कालाला आहे. ही ओळ केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या ठेक्यात, समेपासूनच उचलली, तर आठवे अक्षर आठव्या मात्रेवर पडते आणि शिखर समेच्या आधीच निसटून जाते. ओळ दुसऱ्या मात्रेवर उचलली, की सात अक्षरे त्या आवर्तनात बसतात आणि ‘रा’ पुढच्या समेवर येतो. पहिल्या दोन ओळींत समेवरचे शेवटचे अक्षर दोन मात्रांत आटोपायचे आणि उरलेले आवर्तन वाद्यांना द्यायचे. तिसऱ्या ओळीत मात्र ‘रा’ सहा मात्रा धरायचा. म्हणजे सर्वांत उंच स्वर सर्वांत लांबही होतो आणि ठेक्याच्या सर्वांत वजनदार जागी येतो.

ध्रुवपद असे बांधल्यावर कडव्यांना मर्यादा घालावी लागते. इथे आपल्याकडची परंपरा वेगळी आहे. ख्यालाच्या बंदिशीत स्थायी सहसा मंद्र आणि मध्य सप्तकांत फिरते आणि अंतरा तार सा कडे जातो. मुखडा व अंतरा असलेल्या अनेक चित्रपटगीतांनी आणि भावगीतांनी हीच रीत घेतली. अशा गाण्यात शिखर अंतऱ्यात असते आणि मुखडा त्यानंतरचा विसावा देतो. पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यात बहुधा उलट असते. कडवे खाली राहते, ध्रुवपद म्हणजे कोरस वर जातो. दोन्ही रीती चांगल्या आहेत, पण एकाच गाण्यात मिसळल्या तर दोघींचे बळ जाते. वरच्या गाण्यात कडव्यानेही रें गाठला, तर ‘घरा’ येईपर्यंत तो स्वर जुना झालेला असतो. म्हणून कडवे सा ते प एवढ्यातच ठेवलेले बरे.

कडवे आणखी खाली नेऊन अंतर वाढवण्याचा मोह होतो. तो गळ्याला महाग पडतो. या ध्रुवपदाचा पल्ला सा ते रें, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून 14 पट्ट्यांचा आहे. कडवे मंद्र प पर्यंत उतरवले, तर पल्ला 19 पट्ट्यांचा होतो. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचा पल्ला नेमका एवढाच आहे. त्याची चाल पहिल्याच शब्दांत सर्वांत खालच्या सा वर उतरते. शेवटच्या ओळीत ती तार सप्तकातल्या सा, रे, ग, म वरून प पर्यंत चढते, आणि तेही स्वातंत्र्याचा अर्थ असलेल्या शब्दावर. शिखराची जागा अचूक आहे, पण समुदायाने थोडी वरची पट्टी धरून सुरुवात केली, की त्या शब्दावर अनेकांचे आवाज फाटतात.

यावर उपाय म्हणजे पट्टी शिखरावरून ठरवणे. गाणाऱ्याने ‘आ’ म्हणत सहा मात्रा स्थिर धरता येईल असा सर्वांत उंच स्वर शोधायचा, रें तिथे ठेवायचा आणि तिथून 14 पट्ट्या खाली मोजून सा धरायचा. तो उंच स्वर काळी दोन असेल, तर सा त्याच्याखालच्या सप्तकातल्या काळी एकवर येतो. तालमीच्या शेवटी गळा थकतो, म्हणून प्रत्यक्षात आणखी अर्धा स्वर खाली घेणे शहाणपणाचे.

ध्रुवपद तीन-चार वेळा येते, तेव्हा शिखराची धार हळूहळू कमी होते. शेवटच्या वेळी ती परत आणण्याचे दोन मार्ग दोन प्रसिद्ध गाण्यांत दिसतात. 2013 च्या ‘फ्रोझन’ चित्रपटातील ‘लेट इट गो’ या गाण्यात सर्वोच्च स्वर आधीच्या ध्रुवपदांत येतच नाही. शेवटच्या ध्रुवपदात नायिका उजेडात उभी राहिल्याचे सांगते, तेव्हाच तो प्रथम येतो आणि नंतरची अखेरची ओळ जवळजवळ बोलल्यासारखी खाली येते. व्हिटनी ह्यूस्टन यांनी 1992 मध्ये गायलेल्या ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ मध्ये चाल ओळखीचीच राहते, पण शेवटच्या ध्रुवपदाआधी सा च एक पूर्ण स्वर वर सरकतो. पहिल्या मार्गात नवा स्वर राखून ठेवावा लागतो. दुसऱ्यात संपूर्ण पल्लाच वर जातो, म्हणून पट्टी ठरवताना ते दोन पट्ट्यांचे अंतर आधीच मोजून घ्यावे लागते.

चाल फसली आहे का, हे तीन प्रकारे तपासता येते. प्रत्येक ओळीपुढे तिचा सर्वोच्च स्वर लिहायचा. वरच्या गाण्यात प, ध, रें, सां अशी यादी होते. एकच स्वर दोन-तीनदा सर्वांत वर दिसला, तर शिखर पसरट झाले आहे. दुसरी तपासणी शब्दांची. सर्वोच्च स्वर ‘त्याला’वर ठेवून ओळ गायली, तर ‘दुसऱ्या कुणाला नाही, त्यालाच’ असा अर्थ निघतो. ‘रे’ वर ठेवली, तर नुसतीच हाक उरते. अर्थ असा सरकला, तर स्वर चुकीच्या अक्षरावर आहे. तिसऱ्या तपासणीत शब्द काढून चाल ‘ला ला’ म्हणत अनोळखी श्रोत्याला ऐकवायची आणि गाणे कुठे भरून आले असे वाटले, तिथे हात वर करायला सांगायचा. हात ‘रा’ च्या जागी वर गेला, तर चाल जुळली. आधीच गेला, तर पहिल्या दोन ओळी खाली आणाव्या लागतात. गेलाच नाही, तर बहुतेक वेळा उंची पुरेशी असूनही स्वर पुरेसा लांब धरलेला नसतो किंवा तो समेवर आलेला नसतो.