तीन रकाने आणि एक ‘म्हणून’

‘दोन महायुद्धांमधील सर्वंकष राजवटींची तुलना करा’ या प्रश्नाची बरीचशी उत्तरे एकाच साच्यातली असतात. आधी हिटलर, मग स्टालिन, शेवटी मुसोलिनी. तिघांची विचारसरणी, प्रचार आणि दडपशाही असे रकाने भरलेले असतात. माहिती खरी असते, पण तुलना होतच नाही.

त्यापेक्षा एकच प्रश्न धरावा: या राजवटीने शत्रू कोणाला ठरवले? विचारसरणीचे खरे काम तेच. नाझींचा शत्रू वंशावरून ठरत होता. ज्यू माणसाने देशभक्तीची शपथ घेतली तरी सुटका नव्हती, कारण १९३५च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी आजी-आजोबा मोजून ज्यू कोण ते ठरवले. सोव्हिएत संघात शत्रू वर्गाचा होता आणि वर्ग काही चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. म्हणून तिथे पक्षाचा निष्ठावान कार्यकर्ताही उद्या ‘छुपा शत्रू’ ठरू शकत असे.

नियंत्रणातला फरक इथूनच निघतो. जर्मनीतल्या बहुसंख्य ‘आपल्या’ लोकांना घाबरवण्यापेक्षा सोबत घ्यायचे होते. गेस्टापोकडे माणसे तशी कमीच होती. वुर्झबुर्गच्या उरलेल्या फायली चाळून रॉबर्ट गेलाटेली या इतिहासकाराने दाखवले, की वंशविषयक खटल्यांपैकी अनेकांची सुरुवात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चहाडीने झाली होती. याउलट ३० जुलै १९३७च्या सोव्हिएत हुकूम क्रमांक ००४४७ मध्ये प्रांतवार आकडे होते: इतक्यांना गोळी, इतक्यांना छावणी. अधिकारी आकडा वाढवून मागत आणि बहुतेक वेळा तो मिळेही. शत्रू लपलेलाच आहे असे मानले, की तो कोट्याने शोधावा लागतो.

प्रचारासाठी एक वस्तू पुरेशी आहे. १९३३मध्ये जर्मनीत स्वस्त ‘जनतेचा रेडिओ’ आला. किंमत ७६ मार्क, मॉडेलचे नाव व्हीई ३०१. हा आकडा ३० जानेवारीचा, म्हणजे हिटलर चॅन्सेलर झाला त्या दिवसाचा. रशियात मात्र अनेक घरांत तारेने जोडलेला भोंगा असे, ज्यात केंद्रातून येईल तेवढेच ऐकू येई. जर्मन माणसाला निदान बटण फिरवता येत होते. महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी केंद्र ऐकणे गुन्हा ठरला, यावरूनच ते किती जण फिरवत असतील ते कळते.

मुसोलिनी या साच्यात नीट बसत नाही, आणि गुण तिथेच मिळतात. ‘सर्वंकष’ या अर्थाचा मूळ शब्द इटालियन. आधी तो त्याच्या विरोधकांनी टीका म्हणून वापरला, नंतर त्याने मिरवला. पण त्याच्या इटलीत राजा राहिला, पोपही राहिला. १९२९मध्ये पोपशी करारच झाला. जुलै १९४३मध्ये फॅसिस्ट ग्रँड कौन्सिलने त्याच्याविरुद्ध ठराव केला आणि राजाने त्याला पदावरून काढले. हिटलरला वा स्टालिनला असे काढू शकणारे त्यांच्या डोक्यावर कोणी उरलेच नव्हते.