फोनमधलं नाव मेलमध्ये का दिसत नाही?

अँड्रॉइड फोनमध्ये तुम्ही तुमच्या वकिलांचा नंबर आणि ईमेल पत्ता नोंदवला. संध्याकाळी संगणकावर थंडरबर्ड उघडून त्यांना मेल लिहायला घेतला, तर त्यांचं नाव काही येईना. अशा वेळी लोक वैतागून फोनमधलं गूगल खातंच काढून टाकतात आणि पुन्हा जोडतात. ही घाई करू नये. फोन आणि थंडरबर्ड एकमेकांशी थेट बोलत नाहीत. दोघंही आपापली यादी गूगलच्या सर्व्हरवरच्या यादीशी जुळवून घेतात. त्यामुळे बिघाड नेमका कुठल्या बाजूला आहे, हे आधी ठरवायचं.

त्यासाठी फोनमध्ये ‘चाचणी’ नावाची एक नोंद करा. तिच्यात ईमेल पत्ता आठवणीने घाला, कारण नुसता नंबर असलेलं नाव मेल लिहिताना सुचवलं जात नाही. पुष्कळदा तक्रारीचं मूळ एवढंच असतं. मग संगणकाच्या ब्राउझरमध्ये त्याच खात्याने contacts.google.com उघडा.

तिथे ‘चाचणी’ नसेल तर दोष फोनकडे आहे. नोंद बहुधा फोनच्या स्वतःच्या मेमरीत किंवा सिमवर गेलेली असते. फोनच्या यादीत सगळी नावं एकत्रच दिसतात, म्हणून हे लक्षात येत नाही. ती नोंद उघडून कुठे जतन झाली आहे ते पाहा, ती गूगल खात्यात हलवा आणि नव्या नोंदींसाठीही तेच खातं कायमचं निवडा. नोंद आधीपासून गूगल खात्यातच असेल, तर सेटिंग्जमध्ये त्या खात्याचं संपर्कांचं सिंक बंद आहे का, ते तपासा.

‘चाचणी’ तिथे दिसत असेल तर फोनने आपलं काम केलेलं आहे. आता थंडरबर्डची अ‍ॅड्रेस बुक उघडा. Personal Address Book आणि Collected Addresses या दोन वह्या फक्त त्या संगणकावरच राहतात. गूगलशी त्यांचा संबंध नसतो. डावीकडे एवढ्याच दोन असतील, तर गूगलची वही जोडलेलीच नाही. २०२१ सालच्या ९१व्या आवृत्तीपासून थंडरबर्डमध्ये कार्डडॅव्हची सोय आहे. तिच्यातून जीमेलचा पत्ता देऊन ती वही जोडता येते. वही आधीच जोडलेली असेल, तर तिच्यावर राइट-क्लिक करून Synchronize निवडा. एरवी ती ठरावीक वेळानेच जुळवली जाते, त्यामुळे नवं नाव लगेच न दिसणं हा बिघाड नव्हे.

उलट तक्रारही असते: जीमेलमध्ये पत्ता आपोआप सुचतो, पण फोनमध्ये ते नाव नाही. ज्यांना आपण मेल पाठवतो, त्यांचे पत्ते गूगल Other contacts या वेगळ्या कप्प्यात साठवतं आणि तो कप्पा फोनच्या यादीत उतरत नाही. हवं ते नाव तिथून मुख्य संपर्कांत घेतलं, की पुढच्या सिंकला ते फोनवर येतं.