एकट्यापुरता मसालेभात

पाककृतीखाली ‘चार जणांसाठी’ असं लिहिलेलं असतं, म्हणून एकटा माणूस साहजिकच चारने भागतो. इथेच घोटाळा होतो. दीड वाटी तांदळाचा चौथा भाग कोणत्या वाटीने मोजायचा? त्यापेक्षा आपल्याला एका वेळी किती भात लागतो, ते आधी ठरवावं. साधारण भुकेला अर्धी वाटी तांदूळ पुरतात. दीड वाटीत अर्धी वाटी तीनदा बसते, म्हणून सगळं तीनने भागायचं.

मूळ कृतीत दीड वाटी तांदूळ, तीन मोठे चमचे तेल, दीड छोटा चमचा गोडा मसाला, पाऊण चमचा तिखट, बारा तोंडली आणि दोन मोठे चमचे दही आहे असं समजू. तिसरा भाग केला की अर्धी वाटी तांदूळ, एक मोठा चमचा तेल, अर्धा चमचा मसाला, पाव चमचा तिखट आणि चार तोंडली होतात. अडतं फक्त दह्यापाशी. तिथे माप बदलावं. एका मोठ्या चमच्यात तीन छोटे चमचे मावतात. त्यामुळे दोन मोठे म्हणजे सहा छोटे, आणि त्याचा तिसरा भाग दोन छोटे चमचे. घरातल्या चमच्यांचं हे नातं एकदा पाणी भरून तपासून घ्यावं. मोहरी-हिंगाला मात्र हिशेब नको, चिमूट पुरे.

पाण्याला हा भागाकार लागू पडत नाही. मूळ कृतीत तीन वाट्या पाणी असेल, तर हिशेबाने एक वाटी येते. पण पातेल्यातून वाफेने उडून जाणारं पाणी तांदळाच्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून पातेल्यात शिजवताना सव्वा वाटी पाणी घालावं. कुकरमध्ये भांडं ठेवून शिजवायचं असेल, तर पाणी फारसं उडत नाही, तिथे एक वाटी बास. भात तळाला लागतोय आणि वरचं शीत दाताखाली कचकचतंय, तर पाणी कमी पडलं असं समजावं. अशा वेळी दोन मोठे चमचे उकळतं पाणी शिंपडून, घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ द्यावी.

पातेलंही लहान आणि जाड बुडाचं हवं. मोठ्या पातेल्यात चमचाभर तेल पसरून जातं, मोहरी त्यात बुडत नाही आणि तडतडण्याआधीच करपते. वेळ मात्र तीनने भागू नये. पाण्याला उकळी लवकर येते, पण तांदळाचा दाणा तेवढाच असल्याने त्याला शिजायला जवळपास पूर्वीइतकाच वेळ लागतो. मीठ हिशेबापेक्षा थोडं कमीच घालावं आणि उकळी आल्यावर पाण्याची चव पाहावी. ते पाणी किंचित खारट लागलं, तर भात शिजल्यावर मीठ बरोबर लागतं.