फोटो फ्रेमचा कोपरा उघडू नये म्हणून: क्लॅम्पचं काम आणि स्प्लाइनचं काम

(या भागाचा लिखित मजकूर)

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. घरी बनवलेली फ्रेम वर्षभर भिंतीवर छान होती, आता खालचा कोपरा उघडायला लागलाय आणि काच खाली सरकतेय. फेव्हिकॉल तर भरपूर लावला होता, मग झालं काय? आज त्याचंच उत्तर देतो, आणि तसं होऊ नये म्हणून कोपरा कसा बांधायचा तेही सांगतो.

कोपरा कमकुवत का असतो?

फ्रेमच्या दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडल्या की त्याला माइटर जॉइंट म्हणतात. दिसायला सुंदर, पण लाकडाच्या दृष्टीने अवघड. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी समजा. तिरकं कापलं की त्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि गोंद आत पितात. मग जोडाच्या मधे गोंद उरतो कमी. वर काचेचं वजन खालच्या पट्टीवर येतं, आणि ती पट्टी लटकलेली असते फक्त या दोन सांध्यांवर.

म्हणून दोन गोष्टी लागतात. कॉर्नर क्लॅम्प गोंद वाळेपर्यंत कोपरा जागेवर धरतो. स्प्लाइन, म्हणजे सांध्यातून आरपार जाणारी लाकडाची पातळ पट्टी, पुढची अनेक वर्षं तो धरून ठेवते. एकाचं काम दुसरं करू शकत नाही.

माप आणि काप

उदाहरण घेऊ: ए४ फोटो, म्हणजे २१० बाय २९७ मिमी. सागाची पट्टी ४० मिमी रुंद, २० मिमी जाड. मागच्या बाजूला काच आणि फोटो बसायला ६ मिमी रुंद, १० मिमी खोल खाच. फोटोला थोडी मोकळीक हवी, म्हणून खाचेची जागा २१३ बाय ३०० धरा. दोन्हीकडून ६-६ मिमी वजा केले की समोरून दिसणारी चौकट २०१ बाय २८८. त्यात दोन्हीकडची ४० मिमी रुंदी मिळवा. पट्ट्यांची बाहेरची लांबी येते २८१ आणि ३६८ मिमी, प्रत्येकी दोन नग. कापातली नासाडी धरून पाच फूट पट्टी पुरते.

आता कापाबद्दल एक हिशोब ऐका. चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप फक्त अर्धा अंश चुकला, आणि सगळे एकाच बाजूला चुकले, तर एकूण ४ अंश. तीन कोपरे घट्ट बसवले की ती सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात जमा होते, आणि तिथे जवळपास ४ मिमीची फट दिसते. म्हणून गोंद उघडायच्या आधी चारही पट्ट्या कोरड्याच जुळवून बघा. समोरासमोरच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून सारख्या लांबीच्या आहेत ना, हे बोटाने चाचपा. फट असेल तर रंध्याने एकदोन हात मारा, क्लॅम्पने दाबून मिटवू नका. दाबून मिटवलेली फट गोंद थकला की परत येते.

क्लॅम्प लावताना

कापलेल्या तोंडांवर आधी गोंदाचा पातळ हात फिरवा आणि काही मिनिटं थांबा. नळ्या तेवढ्यात पिऊन घेतात. मग दुसरा हात द्या आणि जोडा.

इथे एक बारकावा आहे. साधा कॉर्नर क्लॅम्प पट्टीला बाजूने त्याच्या काटकोनी भिंतीवर दाबतो. दोन तोंडं एकमेकांकडे तो फारशी ओढत नाही. म्हणून आधी एक पट्टी घट्ट करा. दुसरी पट्टी हाताने सांध्याकडे रेटा, फट मिटली की तशीच धरून तिचा स्क्रू आवळा. सांध्याखाली पॅकिंग टेपचा तुकडा ठेवा, नाहीतर फ्रेम क्लॅम्पलाच चिकटेल. लाकडावर वळ उमटू नयेत म्हणून स्क्रूखाली टाकाऊ तुकडा लावा.

दोनच क्लॅम्प असतील तरी जमतं. आधी एक लांब आणि एक आखूड पट्टी जोडून दोन ‘एल’ बनवा. ते वाळले की कोरडे जुळवून बघा, आणि मग उरलेले दोन कोपरे एकदम चिकटवा. या वेळी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर फ्रेम काटकोनात आहे. तासाभराने क्लॅम्प काढले तरी चालतात, पण करवत लावायच्या आधी एक रात्र जाऊ द्या.

स्प्लाइन बसवणं

कोपऱ्यापासून दोन्ही बाहेरच्या कडांवर ३५ मिमीवर खूण करा. फ्रेम उभी करून, कोपरा वर ठेवून घट्ट धरा आणि बारीक दातांच्या करवतीने सरळ खाली, दोन्ही खुणांपर्यंत कापा. चीर मधोमध सुमारे २५ मिमी खोल जाते आणि आतल्या खाचेपासून लांब राहते. समोरच्या बाजूपासून ७ आणि १३ मिमीवर अशा दोन चिरा पुरेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्प्लाइनच्या लाकडाच्या रेषा एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जायला हव्यात, सांध्याच्या रेघेला आडव्या. रेषा सांध्याच्या दिशेने असतील तर ती पट्टी बरोबर तिथेच बिस्किटासारखी मोडते. सोपी खूण सांगतो: पातळ पट्टी लांबीत रेषा असलेली घ्या आणि तिची लांबी चिरेच्या तळाशी टेकवा.

जाडीही तपासा. स्प्लाइन बोटाने दाबून आत जायला हवी. हातोडी लागली तर जाड आहे. गोंदाच्या पाण्याने ती अजून फुगेल आणि कोपरा चिरेल. आपोआप खाली पडली तर पातळ आहे, कारण हा गोंद मोकळी जागा भरून ताकद देत नाही. पॉलिश पेपरवर घासत घासत जाडी जुळवा.

फरक किती पडतो? नुसत्या सांध्यात चिकटायला सुमारे १०५० चौरस मिमी जागा असते. दोन स्प्लाइन प्रत्येक पट्टीत आणखी सुमारे १२०० चौरस मिमी देतात. ही जागा नळ्यांच्या उघड्या तोंडांची नाही, लाकडाच्या पोटातली आहे.

वाळल्यावर बाहेर आलेला भाग करवतीने कापा आणि रंधा कोपऱ्याकडून आतल्या बाजूला चालवा. उलट चालवलात तर स्प्लाइनचं टोक उचकटतं.

स्प्लाइन काय थांबवू शकत नाही

लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे ओल्या लाकडाची फ्रेम वाळली की सांधा आतल्या टोकाला उघडतो. कोरडं लाकूड पावसाळ्यात फुगलं की बाहेरच्या टोकाला. पट्टी जितकी रुंद, तितकं हे जास्त दिसतं. स्प्लाइन असेल तर कोपरा सुटत नाही, पण केसाएवढी फट येऊ शकते. म्हणून पट्टी आणल्यावर दोनेक आठवडे घरातच ठेवा, मग कापा.

आणि ज्यांचा कोपरा आधीच उघडलाय, त्यांनी आधी फ्रेम भिंतीवरून उतरवा आणि काच काढा. मग सांधा पूर्ण सोडवा, जुना गोंद खरवडा, परत चिकटवा आणि रात्रभरानंतर चिरा मारा. नुसता वरून गोंद भरू नका, जुन्या वाळलेल्या गोंदावर नवा धरत नाही.