रात्री अकराचं कॉर्टिसॉल

अमेरिकेतले मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी १९१२ मध्ये एका तरुणीची हकिकत छापली. चेहरा गोल झालेला, पोट सुटलेलं, अंगावर जांभळे पट्टे आणि पाळी बंद. कॉर्टिसॉल वाढलं की बहुतेक बायकांची पाळी अशीच विस्कटते, त्यामुळे कुशिंगच्या या आजारात दिवस राहणंच दुर्मीळ. गरोदरपणातली पहिली नोंद १९५३ची मानतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी जगभरच्या नोंदी एकत्र केल्या, तर अवघी १३६ गरोदरपणं हाती लागली.

त्या नोंदींतून एक वेगळीच गोष्ट पुढे आली. एरवी या आजाराचं मूळ बहुतेकदा मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीत असतं. गरोदर बायकांमध्ये मात्र जवळपास निम्म्या जणींत ते मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीत सापडलं. अशी गाठ मुख्यतः कॉर्टिसॉलच बनवते, पुरुषी संप्रेरकं फारशी नाही. म्हणून पाळीची घडी त्या मानाने कमी मोडते आणि दिवस राहतात, असं त्याचं स्पष्टीकरण देतात.

आता पंढरपूर तालुक्यातली एक काल्पनिक पहिलटकरीण डोळ्यांसमोर आणू. महिन्याच्या ९ तारखेच्या तपासणीला ती येते. चौथा महिना, रक्तदाब १६०/१००. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहिली, तर १४०च्या वर. रक्तदाबाला गोळी, साखरेला आहार आणि इन्सुलिन. दोन्ही उपचार बरोबरच, पण दोन्हींचं कारण एक असू शकतं हे कागदावर कुठे दिसत नाही. गरोदरपणातला नेहमीचा वाढीव रक्तदाब साधारण विसाव्या आठवड्यानंतर डोकं वर काढतो. चौथ्या महिन्यातच एवढा आकडा दिसला, तर थांबून विचार करायला हवा.

गंमत अशी, की वजन, सूज, थकवा, पोटावरच्या रेषा हे सगळं निरोगी गरोदरपणातही असतं. पण साध्या रेषा बारीक आणि फिकट गुलाबी. या आजारातले पट्टे बोटभर रुंद, गर्द जांभळे, मांड्यांवर आणि काखेतही उमटलेले. कातडी पातळ, किंचित धक्क्याने काळं-निळं पडतं. आणि उकिडवं बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. मला विचाराल तर ही शेवटची खूण सगळ्यांत स्वस्त चाचणी आहे.

रक्त तपासण्याआधी एक प्रश्न विचारायचाच: दम्याची, सांधेदुखीची पुडी किंवा गोरं होण्याचं मलम चालू आहे का? आपल्याकडे अंगावर स्टिरॉइड चढण्याचं हे नेहमीचं कारण. तेव्हा बाईचं रूप तसंच दिसतं, पण तिच्या स्वतःच्या ग्रंथी झोपलेल्या असल्याने रक्तातलं सकाळचं कॉर्टिसॉल सहसा उलट कमी येतं. ते औषध एकदम बंद करणंही धोक्याचं.

खरी अडचण प्रयोगशाळेत आहे. गरोदरपणात कॉर्टिसॉलला धरून ठेवणारं प्रथिन वाढतं, वारेतूनही उत्तेजक संप्रेरक सुटतं, आणि सकाळचं कॉर्टिसॉल निरोगी बाईतही दुप्पट-तिप्पट होतं. डेक्सामेथासोनची गोळी देऊन ते दाबायची चाचणी हमखास फसवते. गरोदरपणात बदलत नाही ती लय: निरोगी शरीरात मध्यरात्री कॉर्टिसॉल उतरतं, या आजारात उतरत नाही. म्हणून रात्री अकराच्या सुमारास घेतलेली लाळ उपयोगी. ती घरीच नळीत घेऊन फ्रीजमध्ये ठेवता येते. सोलापूरला मुक्काम करावा लागत नाही. जोडीला चोवीस तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल. तेही चौथ्या महिन्यापासून पुढे वाढतंच, म्हणून नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपलीकडे गेलं तरच आजार धरतात. गाठ शोधायला सोनोग्राफी किंवा रंगद्रव्य न देता केलेला एमआरआय.

आईला झटके येऊ शकतात, हृदयावर ताण येतो, जखम चिघळते. बाळाचं दुःख बहुतेक अपुऱ्या दिवसांचं. आईचं कॉर्टिसॉल निष्प्रभ करणारं एक विकर वारेत असतं, म्हणून बाळाचा थोडाफार बचाव होतो. २००५च्या त्या आढाव्यात उपचार न झालेल्या गरोदरपणांत ७६ टक्के बाळं जिवंत जन्मली, आणि साधारण विसाव्या आठवड्याला उपचार झालेल्यांत ८९ टक्के. एवढ्या थोड्या नोंदींवरून फार ताणू नये, पण कल स्पष्ट आहे.

गाठ अधिवृक्क ग्रंथीत असेल तर चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुर्बिणीने ती काढतात. दिवस फार भरलेले असतील तर मेटिरापोनवर वेळ काढतात, मात्र त्याने रक्तदाब वाढू शकतो. केटोकोनाझोल पोटातल्या मुलग्याच्या लैंगिक वाढीला घातक ठरण्याची भीती असल्याने मागे राहतं. मिटोटेन आणि मिफेप्रिस्टोन तर वर्ज्यच.

गाठ निघाल्यावर दुसरी ग्रंथी अनेक महिने सुस्त असते. तोवर हायड्रोकॉर्टिसोन रोज घ्यायचं, आणि कळा सुरू झाल्या की डोस वाढवायचा. हे तिच्या माता व बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहिलेलं असावं, कारण बाळंतपण बहुधा वेगळ्याच डॉक्टरांच्या हाती होतं.