मंदिर बंद, हप्ता सुरूच

शिर्डीत कर्ज थकण्याचा विषय निघाला की २०२१ सालाकडे परत जावंच लागतं. करोनामुळे साईमंदिर १७ मार्च २०२० रोजी बंद झालं, ते १६ नोव्हेंबरला उघडलं. त्या पहिल्या खेपेला कर्जदाराला आधार होता. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांच्या हप्त्यांना सवलत देण्याची मुभा बँकांना दिली. पुढे ३ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ऑगस्टअखेर जी खाती नियमित होती ती पुढील आदेशापर्यंत एनपीए ठरवू नयेत. हा मनाई आदेश २३ मार्च २०२१ ला उठला आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ५ एप्रिलला, मंदिर पुन्हा बंद झालं. या वेळी हप्त्यांना सरसकट सवलत नव्हती.

एक उदाहरण घेऊ. समजा, मंदिराजवळच्या एका लॉजवर बँकेचं कर्ज आहे आणि हप्ता दर महिन्याच्या १० तारखेला जातो. १० एप्रिलचा हप्ता भरला गेला नाही. त्या दिवशी बँकेचा दिवसाचा हिशेब बंद झाला तेव्हाच खातं थकीत झालं. मोजणी त्याच तारखेपासून सुरू होते. पुढचा हप्ता चुकण्याची वाट कोणी बघत नाही. पहिले तीस दिवस खातं एसएमए-० मध्ये असतं. १० मे रोजी ते एसएमए-१ झालं, ९ जूनला एसएमए-२ आणि ९ जुलैला एनपीए. रामनवमी भक्तांविना गेली होती, गुरुपौर्णिमाही तशीच जायची होती.

‘तीन हप्ते चुकले की खातं जातं’ असं गावात सर्रास म्हणतात. खरा हिशेब सर्वात जुन्या थकलेल्या रकमेच्या वयाचा असतो. म्हणून जूनमध्ये एप्रिलचा एकच हप्ता भरता आला असता, तरी मोजणी १० मेच्या हप्त्यावर सरकली असती आणि महिनाभर उसंत मिळाली असती. एनपीए झाल्यावर मात्र हा मार्ग बंद होतो. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात हे स्पष्टच केलं, की व्याजासकट सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं पुन्हा नियमित धरायचं नाही. एप्रिलचा एक हप्ता जून महिन्यात जितका मोलाचा होता, तितका ऑगस्टमध्ये राहिला नाही.

यानंतर येते सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस. बँकेला त्यात येणं किती आणि कोणत्या तारणावर हात टाकायचा आहे ते लिहावं लागतं. पैसे भरायला साठ दिवस मिळतात. ही नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते तारण विकता किंवा भाड्याने देता येत नाही. फक्त रोजचा धंदा चालू ठेवता येतो. याच साठ दिवसांत कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. व्याजाची आकारणी चुकली असेल, भरलेली रक्कम जमा दिसत नसेल, तर ते सांगण्याची जागा ही. अनेक जण इथेच गप्प बसतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान याच गप्प बसण्याने होतं.

आपल्या उदाहरणात नोटीस २० जुलैला हाती पडली असेल, तर मुदत १८ सप्टेंबरला संपली. मंदिर उघडलं ७ ऑक्टोबरला. म्हणजे पहिला भक्त खोली मागायला येण्याआधीच बँकेला ताबा घेण्याचा अधिकार मिळाला होता.

सुटकेची एक वाट तेव्हा होती. रिझर्व्ह बँकेने ५ मे २०२१ रोजी लघुउद्योगांसाठी कर्ज पुनर्रचनेची योजना आणली. ३१ मार्चला खातं नियमित असलं, तर इतर अटी पाळून ३० सप्टेंबरपर्यंत बँकेशी पुनर्रचना ठरवता येत होती. मधल्या काळात एनपीए झालेलं खातंही ती अमलात आल्यावर नियमित होऊ शकत होतं. पण त्यासाठी बँकेत अर्ज घेऊन जावं लागत होतं.

पुढची ताबा नोटीस इमारतीच्या दारावर चिकटवली जाते आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. बहुधा हा ताबा कागदोपत्रीच असतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. मग लिलावाची नोटीस येते.

शेतजमिनीच्या तारणाला सरफेसी लागू नाही. सहकारी बँकांना तो लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूड सहकारी बँकेच्या खटल्यात पक्कं केलं. पतसंस्थेचं कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो. त्या कागदाची मुदत आणि दाद मागण्याची जागा दोन्ही वेगळी, म्हणून नोटिशीवरचं कलम आधी वाचा.

सरफेसीखाली ताब्याची कारवाई झाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. नोटीस कोणत्या दिवशी हाती आली ते पाकिटावरच लिहा, पाकीट जपून ठेवा आणि हरकत तोंडी न सांगता लेखी देऊन तिची पोच घ्या.