पाटीवर काय लिहायचं?

समजा, आंबोलीजवळच्या चौकुळ गावात एका कुटुंबाने आपल्या कौलारू घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. गाद्या आल्या, पाणी तापवायची सोय झाली, भाकरी-उसळीचा बेत ठरला. मग पाटी रंगवायची वेळ येते आणि घरातला मुलगा सुचवतो, ‘व्हॅली व्ह्यू रिसॉर्ट’.

‘रिसॉर्ट’ वाचून फोन करणारा आधी पोहण्याच्या तलावाची चौकशी करतो, मग एसीची. ‘व्हॅली व्ह्यू’ तर आणखी अडचणीचं. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक शहरी मंडळी तो पाहायलाच येतात. धुकं उतरलं की अंगणापलीकडचं झाड दिसत नाही, तिथे दरी कुठली दिसायला? जेवण कितीही चांगलं असो, पाहुणा जाताना दरीबद्दलच कुरकुरतो. ‘फार्महाऊस’ लिहिलं तर स्पीकर घेऊन मित्रांची टोळी उतरण्याची शक्यता जास्त.

मग शांततेचंच नाव द्यावं का? ‘शांतिधाम’ म्हटलं की अनेकांना स्मशान आठवतं. ‘विसावा’ गोड आहे, पण वृद्धाश्रमाच्या पाट्यांनी तो शब्द जवळपास व्यापलाय. शिवाय आंबोलीची पावसाळी रात्र काही मुकी नसते. बेडूक आणि रातकिडे असा सूर धरतात, की ‘नीरव’ नावाच्या घरात आलेला पाहुणा झोपमोडीची तक्रार करायचा.

मला विचाराल तर ‘गावडेंची पडवी’ यांसारखं नाव बरं. आडनाव आलं की घरात माणसं राहतात, आजी आहे, रात्री दहानंतर दिवे मालवतात, हे न सांगता पोचतं. धिंगाणा घालायला निघालेले परस्पर दुसरीकडे वळतात. पडवी म्हटल्यावर बसायला ऐसपैस जागा आणि साधेपणा दोन्ही डोळ्यांपुढे येतात. अर्थात घराला खरोखर पडवी हवी, आणि तिचाच फोटो पहिला लावायला हवा. खाली एक ओळ पुरते: ‘तीन खोल्या, घरचं जेवण, चौकुळ’. ‘लक्झरी’, ‘स्वर्ग’ असले शब्द टाळलेले बरे. त्यांनी दर वाढवून मिळेल, पण पाहुणा चादरीची सुरकुतीही मोजेल.

नाव पक्कं करण्याआधी पुण्या-मुंबईतल्या चार-पाच अनोळखी लोकांना ते नुसतं ऐकवावं आणि विचारावं, ‘इथे काय काय असेल? रात्रीचे किती घेत असतील?’ उत्तरात तलाव किंवा बुफे आला तर नाव बदलावं.

शोध बहुधा रोमन लिपीत होतो, तेही तपासावं. ‘खळं’ हे सुरेख नाव Khala असं लिहिलं की अमराठी माणूस ‘खाला’ वाचतो, म्हणजे मावशी. पडवीसुद्धा कुणी Padvi लिहितं, कुणी Padavi. एकच स्पेलिंग ठरवून तेच पाटीवर, नकाशावर आणि पावतीवर ठेवावं. रेंज मधेच जाणाऱ्या घाटात पाहुणा रस्ता चुकला, तर पानाच्या टपरीवर त्याला हेच नाव विचारायचं असतं. आडनाव असेल तर टपरीवाला लगेच बोट दाखवतो.